बोनस वाढला, हप्ताही वाढला

तेजपूरला जुलैच्या शेवटी हवा अशी असते की धुतलेला युनिफॉर्म तिसऱ्या दिवशीही दमटच लागतो. अशाच एका संध्याकाळी, 2023 साली, क्वार्टरमध्ये बसलो असताना मोबाईलवर गाडीच्या विम्याची आठवण आली. पॉलिसी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात संपणार होती. नूतनीकरणाचा हप्ता 13,618 रुपये. सौभाग्यवतींनी मागच्या वर्षीची पावती शोधून काढली. तीवर आकडा होता 6,502.

"अहो, आपण तर एकदाही क्लेम केला नाही. मग दुप्पट कसा?"

प्रश्न रास्त होता. गाडी ऑगस्ट 2020 मध्ये सीएसडीतून घेतलेली, 1,197 सीसीची पेट्रोल हॅचबॅक. तीन वर्षांत एक ओरखडा सोडला तर काही नाही. नगरच्या एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, उलट तुमचा एनसीबी वाढलाय, 25 चा 35 टक्के झालाय. गाडी जुनी झाली म्हणून आयडीव्ही पण कमी धरलाय. सगळं तुमच्याच फायद्याचं आहे." आमच्या फायद्याच्या या दोन गोष्टी आणि दुप्पट हप्ता, हे गणित माझ्या डोक्यात बसेना. त्याच्याकडून दोन्ही वर्षांचे पूर्ण तक्ते व्हॉट्सॲपवर मागवले आणि वही घेऊन बसलो.

पहिली गोष्ट, जी एजंटने सांगायला हवी होती आणि सांगितली नाही, ती साधी आहे. सप्टेंबर 2018 पासून नवीन चारचाकी घेताना थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा, ज्याला कागदावर ओन डॅमेज म्हणतात, तो मात्र दरवर्षी घेता येतो. म्हणजे मागची दोन नूतनीकरणं फक्त ओन डॅमेजची होती. यंदा थर्ड पार्टीची तीन वर्षं संपली. माझ्या गाडीच्या गटाला, 1,000 ते 1,500 सीसी, सरकारने ठरवलेला थर्ड पार्टीचा हप्ता वर्षाला 3,416 रुपये. तो कुठल्याही कंपनीत तेवढाच. मालक-चालकाचा अपघात विमाही मी सुरुवातीला तीनच वर्षांचा घेतला होता, त्याचे यंदा 325. दोन्हींवर 18 टक्के जीएसटी धरला की 4,414 रुपये होतात. एकूण वाढ होती 7,116 रुपयांची, त्यातले हे 4,414 रीतसर निघाले.

उरले 2,702. खरी भानगड तिथे होती.

दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. मागच्या वर्षी गाडीची आयडीव्ही 4,06,000 होती. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त जेवढी रक्कम देणार ती. त्यावर ओन डॅमेजचा हप्ता 5,182, त्यातून 25 टक्के नो क्लेम बोनस म्हणजे 1,296 वजा, उरले 3,886. यंदा आयडीव्ही 3,48,000. त्यावर हप्ता 6,108, त्यातून 35 टक्के बोनस म्हणजे 2,138 वजा, उरले 3,970.

परत एकदा वाचा. गाडीची किंमत 58 हजारांनी कमी धरली, बोनस दहा टक्क्यांनी वाढला, आणि तरीही हातात पडणारा आकडा 84 रुपयांनी जास्तच.

तक्त्यात हे लपलेलं नव्हतं, पण दिसतही नव्हतं, कारण आपली नजर बोनसच्या ओळीवर जाते. 1,296 च्या जागी 2,138 दिसले की माणूस खूश होतो. पण बोनस ही टक्केवारी आहे, आणि ती कशाची टक्केवारी आहे ते पाहायला हवं. बोनस वजा करण्याआधीच्या हप्त्याला आयडीव्हीने भागा. मागच्या वर्षी 5,182 भागिले 4,06,000, म्हणजे शंभर रुपयांच्या आयडीव्हीला सुमारे 1 रुपया 28 पैसे. यंदा 6,108 भागिले 3,48,000, म्हणजे 1 रुपया 76 पैसे. सव्वा रुपयाचा दर पावणेदोनवर गेला होता. बोनस मोठा दिसत होता कारण ज्यावर तो मोजायचा तो आकडाच आधी फुगवला होता. मागच्याच दराने हिशेब केला असता तर बोनस 1,555 चाच दिसला असता, पण भरायचे राहिले असते 2,887. म्हणजे माझ्या वाढीव बोनसचा घास मला मिळण्याआधीच कोणीतरी खाल्ला होता.

हे बेकायदा नाही, हे आधीच सांगतो. 2007 पासून ओन डॅमेजचा दर प्रत्येक कंपनी आपापला ठरवते आणि जुन्या टॅरिफच्या दरावर हवी तेवढी सूट देते. मागच्या वर्षी मला 60 टक्के सूट होती, यंदा 45. सूट कमी करायचा त्यांना हक्क आहे, आणि ती परत मागायचा मला. पण अनेक पॉलिसींवर ही सूट वेगळी छापलेलीच नसते, सूट वजा जाऊन उरलेला आकडाच छापतात. म्हणून भागाकार करायचा. तेवढा एक भागाकार केला की दर कुठून कुठे गेला ते उघडं पडतं.

यापुढे आली ॲड-ऑनची रांग. मागच्या वर्षी माझ्याकडे एकच ॲड-ऑन होतं, झीरो डेप, 1,624 रुपयांचं. यंदा चार होते. झीरो डेप 2,436, इंजिन प्रोटेक्शन 696, कन्झ्युमेबल्स 348 आणि चावी हरवल्याचं 350. बेरीज 3,830. यातले तीन मी मागितलेच नव्हते. एजंट म्हणाला, "पॅकेज आहे साहेब, सगळे घेतात." माझ्या तक्त्यात बोनस फक्त मूळ ओन डॅमेजवर लावलेला होता, ॲड-ऑनवर नाही. तिथे पस्तीस टक्के असोत की पन्नास, एक पैसा कमी होत नव्हता. हप्ता जसजसा मूळ भागातून ॲड-ऑनकडे सरकतो, तसतसा आपला बोनस कागदावर तेवढाच राहून कामाला कमी येतो. झीरो डेपचाही मी तोच भागाकार केला. मागच्या वर्षी शेकड्याला 40 पैसे, यंदा 70. गाडी जुनी होते तसा हा दर चढतो, त्यात अर्थ आहे, कारण जुन्या गाडीत कंपनीला झीरो डेपपोटी जास्त भरावं लागतं. पण आयडीव्ही घसरत असल्यामुळे हा चढ रुपयांत अर्धाच दिसतो.

इथवर आलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. हजार-दीड हजार रुपयांचा मामला, उद्या एजंटशी घासाघीस करू, म्हणून वही मिटणार होतो. तेवढ्यात आमच्या युनिटमधल्या एका तमिळ हवालदाराची आठवण झाली.

जून 2022 मध्ये सिलचर शहरात बराक नदीचं पाणी शिरलं, त्या वेळी त्याची गाडी तिथे नातेवाइकांच्या दारात उभी होती. छतापर्यंत पाणी. पुराचं नुकसान साध्या पॉलिसीतही बसतं, त्यामुळे क्लेम मंजूर झाला. पण नूतनीकरण करताना त्याने वेबसाइटवर आयडीव्हीची पट्टी स्वतःच्या बोटाने डावीकडे, सगळ्यात खाली ओढली होती. हप्ता सात-आठशे रुपयांनी कमी झाला म्हणून खूश होता. मिळाले ते त्या खालच्या आकड्यातून हजार रुपये वजा होऊन. तशाच वापरलेल्या गाडीची बाजारातली किंमत त्याहून सत्तर-ऐंशी हजारांनी जास्त होती. सातशे रुपये वाचवण्याची ती किंमत.

मी पट्टी ओढली नव्हती. पण माझी 3,48,000 आयडीव्ही आली कुठून, हे मी तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

आयडीव्ही ठरवण्याचा नियम पॉलिसीच्या मजकुरातच असतो. उत्पादकाने त्या मॉडेलची जाहीर केलेली विक्री किंमत घ्यायची, म्हणजे एक्स-शोरूम, त्यात नोंदणी आणि विम्याचा खर्च धरायचा नाही. त्यातून वयानुसार घसारा वजा करायचा. सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40, पाचपर्यंत 50. नवी पॉलिसी सुरू होईल त्या दिवशी माझ्या गाडीने तीन वर्षं ओलांडलेली, म्हणून रकाना 40 टक्क्यांचा. आता उलटं मोजायचं. 3,48,000 ही जर साठ टक्के असेल तर शंभर टक्के किती? 0.60 ने भागलं. उत्तर आलं 5,80,000.

हा आकडा ओळखीचा वाटला. ट्रंकेतून फाईल काढली. सीएसडीच्या बिलावर बरोबर 5,80,000 होते.

सैनिक मित्रांच्या लक्षात आलंच असेल. सीएसडीत आपल्याला गाडी करातल्या सवलतीमुळे स्वस्त मिळते. त्याच मॉडेलची, त्याच व्हेरियंटची जाहीर किंमत ऑगस्ट 2020 मध्ये 6,60,000 होती. शोरूममधल्या पोराने पहिली पॉलिसी काढताना समोरचं बिल बघितलं आणि तीच किंमत टाकली. पुढच्या प्रत्येक वर्षी संगणकाने त्याच पायावर घसारा लावला. मागची पॉलिसी तपासली. 4,06,000 भागिले 0.70, पुन्हा 5,80,000. तीन वर्षं मी ऐंशी हजारांनी खुजी गाडी विमा करून फिरवत होतो.

त्यात आणखी एक पदर. मजकूर असं सांगतो की जाहीर किंमत विमा किंवा नूतनीकरण सुरू होताना जी असेल ती घ्यायची, खरेदीच्या दिवशीची नव्हे. 2020 नंतर गाड्या महाग झाल्या. माझ्या व्हेरियंटची किंमत ऑगस्ट 2023 मध्ये 7,50,000 होती. त्याचे साठ टक्के 4,50,000. म्हणजे नियमाने धरायला हवी ती आयडीव्ही आणि कोटेशनमधली आयडीव्ही यांत एक लाख दोन हजारांचं अंतर. (मॉडेल बंद झालं असेल किंवा गाडी पाच वर्षांपुढची असेल तर हा तक्ता चालत नाही, तिथे आयडीव्ही कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. तेव्हा घासाघीस जास्त आणि आधार कमी.)

एजंटला सकाळी हे सांगितलं तर तो म्हणाला, "साहेब, तुम्ही जेवढे दिले तेवढ्याचाच विमा ना? जास्तीचे कशाला?" वरवर बरोबर वाटतं. पण करातली सूट माणसाला मिळालेली आहे, गाडी काही कमी प्रतीची नाही. तिचा बंपर, तिचं इंजिन, तिची बाजारातली किंमत शेजारच्या मास्तरांच्या गाडीएवढीच. आणि गाडी गेली तर सीएसडीची सवलत दुसऱ्या दिवशी पुन्हा मिळत नाही, दोन खरेदींत किती अंतर हवं त्याचे नियम आपल्याला माहीत आहेत. मला बाजारभावाने घ्यावी लागणार.

चोरी आणि पूर यांचंच भय असतं तरी पुरे होतं, पण कमी आयडीव्हीची एक दुसरी बाजू आहे जी कोणी सांगत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की गाडी पूर्ण निकामी धरतात. 3,48,000 चे 75 टक्के 2,61,000. 4,50,000 चे 3,37,500. समजा अपघातात दुरुस्तीचा अंदाज आला 2,80,000. बरोबर आयडीव्ही असेल तर गाडी दुरुस्त होऊन दारात येते. खुजी असेल तर गाडी भंगारात आणि हातात साडेतीन लाखांना हजार-तीन हजार कमी. तशी गाडी त्या पैशात कुठे मिळणार? अपघात एकच, गाडी एकच, फक्त कागदावरचा आकडा वेगळा.

मग लेखी काम केलं. कंपनीच्या ईमेलवर पॉलिसीतल्या आयडीव्हीच्या कलमाचा क्रमांक, आरसीची प्रत आणि उत्पादकाच्या त्या महिन्याच्या किंमतपत्रकाचं पान पाठवलं. सीएसडीचं बिल मुद्दामच जोडलं आणि लिहिलं की आपण हा आकडा धरला आहे, कलमात जाहीर किंमत म्हटलं आहे. भाषा नरम ठेवली. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी मी दुसऱ्या एका कंपनीचं कोटेशन काढून एजंटला पाठवलं, कारण एनसीबी हा मालकाचा असतो, कंपनीचा नव्हे. कंपनी बदलली तरी 35 टक्के माझ्याबरोबर येतात. जुन्या पॉलिसीची प्रत द्यायची आणि क्लेम घेतला नसल्याचं खरं लिहून द्यायचं. खोटं लिहिलं तर नवी कंपनी जुनीकडे विचारणा करते आणि नेमक्या क्लेमच्या वेळी ते उघडं पडतं. त्या कोटेशनचा परिणाम झाला. संध्याकाळी नवा तक्ता आला. आयडीव्ही 4,50,000, सूट 55 टक्के.

आता ॲड-ऑनचं काय ठेवायचं ते ठरवायचं होतं. चावी आणि कन्झ्युमेबल्स काढायला सांगितलं. इंजिन प्रोटेक्शन ठेवलं. महाराष्ट्रात असतो तर कदाचित काढलं असतं, पण आसामच्या पावसात रस्ता कुठे संपतो आणि नाला कुठे सुरू होतो ते कळत नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल मारल्यामुळे इंजिन गेलं तर साधी पॉलिसी ते नुकसान देत नाही. तेच नुकसान हे ॲड-ऑन उचलतं.

झीरो डेपवर मात्र अर्धा तास घातला. ते आता 3,150 रुपयांचं झालं होतं, कारण बरोबर आयडीव्हीवर 70 पैसे शेकडा. जीएसटी धरून 3,717. साध्या पॉलिसीत क्लेम करताना रबर, प्लास्टिक, नायलॉनच्या भागांवर 50 टक्के कापतात, गाडी कितीही नवी असो. धातूच्या भागांवर वयाप्रमाणे, तीन ते चार वर्षांच्या गाडीला 25 टक्के. काचेवर काही नाही. समजा पुढून धडक बसली, बंपर 7,000, हेडलाइट 9,000, मडगार्डचा पत्रा 4,000. एकूण 20,000. त्यातले बंपरचे साडेतीन, लाइटचे साडेचार आणि पत्र्याचा एक हजार आपल्या खिशातून, वर सक्तीचे हजार रुपये. कंपनी देणार दहा हजार. झीरो डेप असेल तर एकोणीस हजार.

पण क्लेम घेतला की बोनस शून्यावर येतो, आणि तो पुन्हा चढायला वर्षं लागतात. याचा हिशेब मी प्रथमच मांडला. क्लेम न घेता पुढची पाच वर्षं माझा बोनस 45, 50, 50, 50, 50 टक्के. क्लेम घेतला तर 0, 20, 25, 35, 45. फरक 45, 30, 25, 15 आणि 5. बेरीज 120. म्हणजे एका क्लेमची किंमत एका वर्षाच्या बोनसपूर्व ओन डॅमेज हप्त्याच्या सव्वापटीला थोडी कमी. पुढच्या वर्षांत आयडीव्ही घसरेल, तेव्हा हप्ता सरासरी पाच हजार धरला. त्याचे 120 टक्के 6,000, जीएसटी धरून सात हजार ऐंशी. सात हजारांखालचा कुठलाही क्लेम माझ्यासाठी तोट्याचा. बंपरला तीन हजारांचा ओरखडा पडला म्हणून सर्व्हेअरला बोलावणाऱ्यांनी हे एकदा मोजून पाहावं.

याच आकड्याने झीरो डेपचा निकाल लागला. वीस हजारांच्या त्या धडकेत झीरो डेप असेल तर 19,000 मिळून 7,080 जातात, बारा हजार हातात. नसेल तर 10,000 मिळून 7,080 जातात, तीन हजारही पुरते नाहीत. मधल्या आकाराच्या अपघाताला झीरो डेप नसलेली पॉलिसी असून नसल्यासारखी. माझी गाडी तेजपूरच्या बाजारात टोटो आणि ट्रकच्या मधून रोज फिरते, घरचीही शिकते आहे. ठेवलं. तुमची गाडी गावी पडवीत झाकलेली असेल आणि तुम्ही फील्डमध्ये, तर ते 3,717 वाचवा, गाडीला धडक द्यायला कोणी येत नाही. तिथे पूर, आग, चोरी आणि बरोबर आयडीव्ही एवढंच महत्त्वाचं.

फील्डचं नाव निघालं म्हणून. पॉलिसी संपल्यापासून 90 दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर साठलेला बोनस पूर्ण जातो, पन्नास टक्के असला तरी. कारण कोणी विचारत नाही. नेटवर्क नव्हतं, पोस्ट उंचावर होती, हे ऐकायला समोर माणूसच नसतो, संगणक असतो. आणि 90 दिवसांच्या आतही मधल्या दिवसांत विमा नसतोच. वर जाण्याआधी तारीख बघून घरच्यांच्या फोनवर कोटेशन आणि पैसे दोन्हींची सोय करून जावं.

शेवटचा तक्ता असा झाला. ओन डॅमेज 6,462, त्यातून 35 टक्के बोनस 2,262 वजा, राहिले 4,200. झीरो डेप 3,150 आणि इंजिन 900. थर्ड पार्टी 3,416, अपघात विमा 325. बेरीज 11,991, जीएसटी 2,158, एकूण 14,149. पहिल्या कोटेशनपेक्षा 531 रुपये जास्त. सौभाग्यवती म्हणाल्या, "तीन दिवस भांडून पाचशे रुपये वाढवून आणले." मी त्यांना शंभर रुपयांच्या आयडीव्हीचा दर दाखवला, 1.76 चा 1.44 झालेला, आणि वरची एक लाख दोन हजारांची भर दाखवली. त्या म्हणाल्या, "हे आधीची तीन वर्षं का नाही पाहिलं?" याला उत्तर नव्हतं.

पॉलिसीच्या मागे पेन्सिलने पुढच्या वर्षासाठी तीन आकडे लिहून ठेवले. त्या दिवशीची जाहीर किंमत पाहणे आणि तिची 50 टक्के. बोनस 45. दर 1.44, झीरो डेप 70 पैसे.

दोन आठवड्यांनी तो तमिळ हवालदार मेसच्या बाहेरच्या बाकावर भेटला. सिलचरच्या पैशात भर घालून त्याने महिन्यापूर्वी नवी गाडी घेतली होती, सीएसडीचा त्याचा नंबर लागत होता म्हणून तिथूनच. "साब, इस बार आयडीव्ही पूरा लिया है, फुल," म्हणाला, आणि मोबाईलवर पॉलिसी उघडून दाखवली. नव्या गाडीला घसारा 5 टक्के. मी त्याचा आकडा 0.95 ने भागला आणि त्याला बिल काढायला सांगितलं. रुपयापर्यंत जुळलं. जाहीर किंमत त्याहून नव्वद हजारांनी वर होती. त्याने चहाचा मग बाकावर ठेवला आणि शोरूमचा नंबर शोधायला लागला.